अग्रलेख तीन वाक्यांत: मुद्दा, आधार आणि मागणी

गावातल्या एका अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या वह्या तपासतो. रोज एक अग्रलेख वाचायचा आणि खाली तीन वाक्ये लिहायची, एवढाच नेम. पहिल्या वाक्यात अग्रलेखाचा मुद्दा, दुसऱ्यात त्याचा आधार, तिसऱ्यात निष्कर्ष. ऐकायला सोपे वाटते, पण दहापैकी सात वह्यांत एकच चूक सापडते. पहिले आणि तिसरे वाक्य एकच असते, फक्त शब्द फिरवलेले. मधल्या वाक्यात आकड्यांची खिचडी.

यामागे एक गोंधळ आहे आणि तो आधी निस्तरलेला बरा. आपल्या न्यायशास्त्रात पाच अवयवांचे वाक्य सांगितले आहे: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. ‘डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो’ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. तिथे निगमन म्हणजे प्रतिज्ञाच पुन्हा, आता सिद्ध होऊन आलेली. अग्रलेखाचे तसे नसते. तो ‘अमुक असे आहे’ म्हणून सुरू होतो आणि ‘म्हणून तमुक करा’ म्हणून संपतो. मुद्दा हे वस्तुस्थितीबद्दलचे मत असते, तर निष्कर्ष ही कुणाकडे तरी केलेली मागणी असते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा डोक्यात बसले की अर्धे काम झाले. म्हणून मी वहीत ‘निष्कर्ष’ऐवजी सरळ ‘मागणी’ असाच शब्द लिहायला लावतो.

आता एक अग्रलेख घेऊ. खालचा मजकूर मी सरावासाठी लिहिला आहे, कुठल्या वर्तमानपत्रातला नाही. पण त्यातल्या तारखा आणि निर्णय खरे आहेत. मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तो छापून आला असे समजा. परिच्छेदांना आकडे दिले आहेत, ते पुढे लागतील.

कांद्याची तारीख

(१) अखेर ४ मे रोजी केंद्र सरकारने कांदा निर्यातीवरची बंदी उठवली. टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि वर ४० टक्के शुल्क, अशा दोन कड्या लावून का होईना, दार किलकिले केले. त्याबद्दल सरकारचे अभिनंदनच करायला हवे.

(२) बंदी घालायला कारण नव्हते असे कुणी म्हणणार नाही. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला होता, खरिपाचा कांदा कमी निघण्याची चिन्हे होती आणि दिवाळीच्या सुमारास शहरांत भाव किलोला साठ रुपयांच्या पुढे गेला होता. हातावर पोट असलेल्याच्या ताटातून कांदा जाऊ नये, हे पाहणे सरकारचे कामच आहे.

(३) पण प्रश्न बंदीचा नाही, तिच्या तारखेचा आहे. ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान भाव, ८ डिसेंबरला बंदी, तीही ३१ मार्चपर्यंत म्हणून. आणि मार्च सरायच्या आत तीच बेमुदत. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत टिकत नाही. भाव पडला म्हणून शेतकऱ्याला थांबता येत नाही; ट्रॅक्टर भरायचा आणि लिलावात मिळेल त्या भावाला द्यायचा.

(४) गिऱ्हाइकाचेही तेच. २०१९ च्या सप्टेंबरात अशीच रातोरात बंदी आली, तेव्हा बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन हसत हसत सुनावले होते, की आधी कळवले असते तर बरे झाले असते, आता स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितले आहे. पुढच्याच वर्षी, सप्टेंबरातच, पुन्हा बंदी. ज्याचे दुकान कधी उघडे असेल ते सांगता येत नाही, त्याच्याशी वर्षाचा सौदा कोण करील?

(५) किती भाव चढला की किती शुल्क लागेल, हे लागवडीच्या आधी जाहीर करावे आणि हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नये. मग शेतकरी आपला हिशेब आपण मांडील.

(६) दिंडोरी आणि नाशिकमध्ये २० मे रोजी मतदान आहे. कांदा मत देत नाही, हे खरे. पण तो ज्याच्या शेतात पिकतो, तो देतो.

आधी मागणी शोधा

मुले पहिल्या ओळीपासून सारांश काढायला बसतात आणि तिथेच फसतात, कारण पहिला परिच्छेद बहुधा निमित्ताचा असतो. काल-परवा काहीतरी घडले, त्यावर लेख बेतला, एवढेच त्याचे काम. या लेखाचे निमित्त बंदी उठणे हे आहे. ते मुद्दा नाही, आधारही नाही. तीन वाक्यांत त्याला जागा मिळेलच असे नाही.

म्हणून उलट्या टोकाने सुरुवात करा. पेन्सिल घ्या आणि ‘-ावे’, ‘हवे’, ‘पाहिजे’, ‘नये’, ‘लागेल’ अशी क्रियापदे जिथे आहेत तिथे खूण करा. मराठीत मागणी विध्यर्थी क्रियापदात राहते, इकडेतिकडे फारशी जात नाही. आपल्या लेखात अशा जागा तीन सापडतात: पहिल्या परिच्छेदातले ‘अभिनंदनच करायला हवे’, दुसऱ्यातले ‘कांदा जाऊ नये’ आणि पाचव्यातले ‘जाहीर करावे’, ‘हात लावू नये’.

आता गाळणी लावा. पहिला उपरोध आहे; ‘किलकिले’, ‘का होईना’ आणि ‘अभिनंदनच’ मधला ‘च’ हे तिघे मिळून त्याची चुगली करतात. उपरोध ओळखायचा साधा उपाय म्हणजे ते वाक्य एकटे उचलून पुढच्या परिच्छेदांशेजारी ठेवायचे. ज्याचे अभिनंदन करायचे त्याच्यावरच पुढे टीका होत असेल, तर अभिनंदन खरे नाही. दुसरे वाक्य समोरच्या बाजूचे आहे, त्याकडे लगेच येऊ. उरली पाचव्या परिच्छेदातली जोडी. तीच मागणी.

जाता जाता एक सूचना. ‘करायला हवे होते’ दिसले तर ती मागणी समजू नका. होऊन गेलेल्या गोष्टीवरची ती टीका असते आणि बहुतेक वेळा ती मुद्द्याच्या किंवा आधाराच्या खात्यात जाते.

शेवटच्या परिच्छेदावर मात्र अजिबात विसंबू नका. मराठी अग्रलेखाला टोला हाणून उठायची जुनी खोड आहे. लेखणी खाली ठेवताना एक चिमटा काढला नाही तर संपादकाला जेवण जात नसावे. सहावा परिच्छेद वाचून एका मुलाने मला निष्कर्ष लिहून दिला होता, ‘निवडणुकीमुळे सरकारने बंदी उठवली.’ लेखात तसे वाक्यच नाही. सूचित आहे, मान्य. पण तो जाता जाता मारलेला शेरा आहे. त्याच्यासाठी आधीच्या पाच परिच्छेदांत एकही पुरावा दिलेला नाही. ज्या विधानाला लेखात कुठेच आधार नाही, ते त्या लेखाचा मुद्दा असू शकत नाही.

मागणीला ‘का?’ विचारा

मागणी हातात आली की तिला एकच प्रश्न विचारायचा: का? शुल्काचे कोष्टक लागवडीआधी का जाहीर करावे? या प्रश्नाला लेख जे उत्तर देतो तोच मुद्दा.

इथे सगळ्यात जास्त चकवणारे उत्तर म्हणजे ‘कारण निर्यातबंदी वाईट आहे.’ विषय कांदा, लेखाचा सूर शेतकऱ्याच्या बाजूचा, तेव्हा हे डोळे मिटून लिहिले जाते. पण लेख नीट वाचा. दुसऱ्या परिच्छेदात तो बंदीमागचे कारण चक्क मान्य करतो. जुन्या पद्धतीने सांगायचे तर हा पूर्वपक्ष. समोरच्याचे म्हणणे आधी मांडायचे आणि मग ‘पण’ म्हणून वळायचे. तो ‘पण’ तिसऱ्या परिच्छेदाच्या अगदी तोंडाशी बसला आहे: ‘पण प्रश्न बंदीचा नाही, तिच्या तारखेचा आहे.’ ‘पण’, ‘मात्र’, ‘तरीही’, ‘असे असले तरी’ या शब्दांभोवती गोल करा. वळणाच्या अलीकडे जे असते ते लेखकाने दिलेले माप असते, पलीकडे त्याचे स्वतःचे मत.

तेव्हा मुद्दा असा निघतो: बंदीपेक्षा नियम भर हंगामात, न सांगता बदलणे जास्त मारक आहे. पडताळून पाहायचे असेल तर मागणीशी जुळवा. बंदी वाईट हाच मुद्दा असता, तर मागणी ‘बंदी कधीच घालू नये’ अशी झाली असती. लेख तसे कुठे म्हणत नाही, वाढत्या भावाबरोबर शुल्क वाढलेले त्याला चालते. मागणी आणि मुद्दा एकमेकांत बसत नसतील, तर दोहोंपैकी एक तुम्ही चुकीचे उचलले आहे, आणि माझा अनुभव असा की बहुधा मुद्दाच.

मुद्दा प्रश्नाच्या वेशात आला तर त्याला सरळ विधानात उतरवा. ‘वर्षाचा सौदा कोण करील?’ म्हणजे ‘कुणी करणार नाही’. सारांशात प्रश्नचिन्ह ठेवायचे नाही.

आधार: काढून पाहा

आता मधले वाक्य, जे खरे कष्टाचे. लेखात आधारासारखे दिसणारे पुष्कळ आहे: ५५० डॉलर, ४० टक्के, कोरडा ऑगस्ट, साठ रुपये, चार निर्णयांच्या तारखा, लाल कांद्याचे न टिकणे, हसीना यांचा किस्सा, सप्टेंबर २०२०, मतदानाची तारीख. सगळे एका वाक्यात कोंबले तर वाक्याचा ट्रक होतो.

एकेक गोष्ट बोटाने झाका आणि विचारा, ही नसती तर मुद्दा पडला असता का? ५५० डॉलर झाका, मुद्द्याला काही होत नाही. साठ रुपये झाका, तो आकडा मुळात समोरच्या बाजूचा आहे. मतदान झाका, लेखाची धार कमी होईल पण तर्क जागच्या जागी. चार निर्णयांची मालिका झाका आणि ‘नियम सारखे बदलतात’ हे म्हणणे लगेच हवेत लोंबकळते. ती राहिली पाहिजे.

लाल कांद्याची ओळ मुले हमखास गाळतात. त्यांना ती शेतीची जादा माहिती वाटते. खरे तर या लेखाचा कणाच तो आहे. उन्हाळ कांदा मार्च ते मेच्या दरम्यान निघतो आणि चाळीत काही महिने राहतो, त्यामुळे सरकारने काही केले तरी शेतकऱ्याला वाट पाहण्याची थोडी सोय असते. लाल कांद्याला ती नाही. म्हणजे तोच निर्णय जूनमध्ये आला असता तर इतका लागला नसता. ‘प्रश्न तारखेचा आहे’ हे वाक्य या एका गोष्टीवर उभे आहे. आकडा नाही म्हणून तो आधार नाही असे समजू नका. कारण सांगणारे विधान पुष्कळदा आकड्यापेक्षा जास्त वजन पेलते.

हसीना यांचा किस्साही असाच फसवा. किस्सा म्हटला की सारांशातून हाकलायचा, असे शिकवले जाते. एरवी ठीक आहे. पण इथे त्यांचे म्हणणे काय होते? बंदी का घातली, असे नाही. आधी कळवायला हवे होते, असे. म्हणजे गिऱ्हाईक देशाच्या पंतप्रधानांनी नेमका लेखाचाच मुद्दा बोलून दाखवला. स्वयंपाक्याची गंमत सोडा, तक्रार ठेवा.

आणखी एक बारकावा. तिसऱ्या परिच्छेदात ‘भाव पडला म्हणून’ असे आले आहे, पण किती पडला ते लेख सांगत नाही. मग तुमच्या सारांशातही ‘भाव कोसळल्याचे लेख दाखवून देतो’ असे येता कामा नये. लेखाने नुसते म्हटलेले आणि लेखाने दाखवलेले यांत फरक ठेवा. म्हटलेल्यासाठी ‘लेखाच्या मते’, दाखवलेल्यासाठी सरळ विधान.

लिहा, मग सांधे तपासा

माझा पहिला खर्डा असा होता:

‘कांद्याच्या निर्यातबंदीपेक्षा निर्यातीचे नियम भर हंगामात अचानक बदलणे शेतकऱ्याला आणि गिऱ्हाईक देशांना जास्त मारक आहे. कारण ऑगस्ट २०२३ ते मार्च २०२४ या काळात ते चार वेळा बदलले आणि बंदी आली तेव्हा बाजारात न टिकणारा लाल कांदा होता, त्यामुळे शेतकऱ्याला माल रोखून धरता आला नाही. म्हणून किती भावाला किती शुल्क हे सरकारने लागवडीआधी जाहीर करावे आणि हंगामभर बदलू नये.’

वाचायला बरा आहे, पण लंगडा आहे. पहिल्या वाक्यात दोघांचे नुकसान सांगितले, शेतकऱ्याचे आणि गिऱ्हाईक देशांचे. दुसऱ्या वाक्यात आधार फक्त शेतकऱ्याचा. पहिल्या वाक्यात जितकी माणसे येतील तितक्यांसाठी दुसऱ्यात पाट मांडलेला हवा. एक तर गिऱ्हाईक देश गाळा, नाहीतर त्यांचा आधार आणा. लेखाने त्यांना अख्खा परिच्छेद दिला आहे, तेव्हा गाळणे बरोबर नाही. मग दुसरे वाक्य असे झाले:

‘कारण ऑगस्ट २०२३ ते मार्च २०२४ या काळात नियम चार वेळा बदलले, डिसेंबरची बंदी न टिकणारा लाल कांदा बाजारात असताना आल्याने शेतकऱ्याला थांबता आले नाही, आणि आधी कळवले नाही ही तक्रार बांगलादेशने २०१९ मध्येच केली होती.’

एवढ्यावर थांबा. याहून लांब गेले की कणा दिसेनासा होतो. पहिले आणि तिसरे वाक्य वीस-बावीस शब्दांत बसवायचे, मधल्याला थोडी सूट.

‘कारण’ आणि ‘म्हणून’ हे दोन शब्द आधी मुद्दाम लिहा, शेवटच्या प्रतीत हवे तर काढा. ते सांध्याचे खिळे आहेत. ‘कारण’च्या जागी ‘तसेच’ घालून वाक्य तितकेच चांगले वाचले जात असेल, तर तुमच्याकडे आधार नाही, दुसरा मुद्दाच आहे. ‘म्हणून’च्या जागी ‘थोडक्यात’ चालत असेल, तर तुम्ही मागणी लिहिलेली नाही, पहिले वाक्य पुन्हा लिहिले आहे. वर सांगितलेली दहापैकी सात वह्यांतली चूक याच चाचणीत सापडते.

शेवटी तीन वाक्ये लेख न वाचलेल्या माणसाला दाखवा आणि विचारा, लेखकाला बंदी मान्य आहे का? ‘नाही, सरसकट विरोध आहे’ असे उत्तर आले तर पहिल्या वाक्यातला ‘पेक्षा’ नीट पोहोचला नाही. घरात विचारायला सोपे माणूस शोधा. माझी बायको हे काम फार निर्दयपणे करते.

तुमचे स्वतःचे मत या तिघांत शिरू देऊ नका. मला वाटते की लेख एक गोष्ट टाळतो: शुल्काचे कोष्टक आधीच ठरले आणि तरीही शहरात कांदा शंभरीला गेला, तर सरकारने काय करायचे? हा प्रश्न चांगला आहे, पण माझा आहे. तो वहीत खाली, एक ओळ सोडून, चौथ्या वाक्यात. शेजारी लेखाची तारीखही घाला. कांद्याचे पुढचेच बघा: सप्टेंबर २०२४ मध्ये किमान भावाची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले, १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. बिनतारखेची तीन वाक्ये वर्षभराने उघडली तर चुकीची वाटू लागतात, वास्तविक ती फक्त जुनी झालेली असतात.

सगळेच अग्रलेख या साच्यात बसत नाहीत. कधी लेखाचे दोन तुकडे असतात, अर्धा कांद्यावर आणि अर्धा साखरेवर, एका धाग्याने ओवलेले. अशा वेळी विध्यर्थी क्रियापदांच्या दोन वेगळ्या टोळ्या सापडतात. मग तिनाचा हट्ट सोडून दोनदा तीन वाक्ये लिहावीत. काही लेखांत मागणी नसतेच, नुसते निदान असते. तिथे तिसऱ्या वाक्यात ‘लेख उपाय सुचवत नाही’ असे लिहून मोकळे व्हा, स्वतःच्या पदरचा उपाय घालू नका. आणि कुणी मोठा माणूस गेल्यावर लिहिलेला मृत्युलेख या पद्धतीने पिळू नका. मी एकदा मुलांना तसा देऊन बसलो होतो. एकीने तिसऱ्या वाक्यात लिहिले, ‘म्हणून त्यांनी जायला नको होते.’